इन्चार्ज सिस्टर, तीन महिने मला नाइट लावू नका

आदरणीय इन्चार्ज सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

नवी ड्युटी लिस्ट काल लागली. १२ ऑगस्टपासून १७ पर्यंत माझ्या नावापुढे सहा वेळा ‘एन’ आहे. नाइटमधून तीन महिने वगळावे म्हणून मी गेल्या महिन्यात तुमच्याकडे अर्ज दिला होता, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती. त्यावर ‘हो’ आले नाही, ‘नाही’ही आले नाही, आली ती थेट लिस्ट. म्हणून तोच अर्ज आता सगळ्यांना दिसेल असा लिहिते आहे. एक प्रत तुमच्या टेबलावर ठेवते, एक आमच्या चेंजिंग रूमच्या दारावर लावते, आणि ठाण्यातल्या परिचारिकांच्या ग्रुपवरही टाकते. रुग्णालयाचे नाव कुठेही लिहिलेले नाही, लिहिणारही नाही. तक्रार कुणाची बदनामी व्हावी म्हणून नाही.

उघडपणे लिहिण्याचे खरे कारण वेगळेच आहे. माझ्या नाइट कमी झाल्या तर त्या हवेत विरणार नाहीत, माझ्याच वॉर्डातल्या कुणाच्या तरी अंगावर पडतील. तुमच्या केबिनमध्ये दार लावून मी सूट मिळवली आणि सहकाऱ्यांना ती लिस्टवरच कळली, तर ‘हिने काय वशिला लावला’ असे त्या म्हणणारच. मीसुद्धा पूर्वी दुसऱ्यांबद्दल असे म्हटलेले आहे. म्हणून मला काय झाले आहे, मी काय मागते आहे आणि त्याची किंमत कोण मोजणार आहे, हे तिन्ही त्यांनी माझ्याकडूनच ऐकावे.

मला आठ वर्षांपासून डायबेटिस आहे, टाइप टू. गोळ्यांवर होते. मे महिन्यात एचबीए१सी केली, ती १०.१ आली. म्हणजे शुगर सरासरी २४० च्या आसपास फिरत होती. त्यावर जूनच्या अखेरीस इन्सुलिन सुरू झाले. आपल्या मेल मेडिसिनच्या निम्म्या पेशंटना देतो तेच, ३०/७०. सकाळी नाश्त्याआधी १६ युनिट, रात्री जेवणाआधी १०.

हे वाचणाऱ्यांत सगळेच आपल्या क्षेत्रातले नसतील, म्हणून थोडे सांगते. ३०/७० म्हणजे एकाच बाटलीत दोन इन्सुलिन. ३० टक्के भाग लवकर काम करणारा. तो टोचल्यावर अर्ध्या तासात पोटात जेवण लागते, आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वात जास्त असतो. उरलेला ७० टक्के भाग संथ, त्याचा जोर साधारण चार ते दहा तासांच्या मध्ये कधीतरी येतो. घरी राहणाऱ्या माणसाचे गणित त्यामुळे सोपे असते. रात्री आठला टोचायचे, साडेआठला जेवायचे, झोपायचे. संथ भागाचा जोर मध्यरात्रीनंतर येतो तेव्हा माणूस अंथरुणात पडलेला असतो, हालचाल नसते. रात्रीचा डोस ठरवतानाच ही झोप गृहीत धरलेली असते.

मी त्या वेळी काय करत असते ते तुम्ही जाणताच. दोन सिस्टर, चाळीस खाटा, आणि चाळीस खाटांवर व जमिनीवर मिळून सेहेचाळीस-अठ्ठेचाळीस पेशंट. मध्यरात्रीची इंजेक्शने, सलाईन बदलणे, दोनचा राऊंड, कुणाची नळी निघाली, कुणी खाटेवरून उतरून बाथरूमकडे निघाले. रात्री दोन ते चार या वेळात मी खुर्चीला टेकले असेन असा दिवस आठवत नाही. म्हणजे इन्सुलिनचा जोर आणि माझी पायपीट बरोबर एकाच वेळी येतात.

आता ९ जुलैची रात्र. माझ्या त्या नाइटमधली चौथी.

आठला हँडओव्हर घेतला. साडेनऊला स्टाफरूममध्ये १० युनिट टोचले, डबा उघडला. पहिला घास घेणार तोच मावशी धावत आल्या, चौदा नंबरच्या आजोबांना श्वास लागला होता. पुढे काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. ऑक्सिजन, नेब्युलायझेशन, डॉक्टरांना कॉल, ईसीजी. साडेदहाला परत आले तेव्हा अर्धी पोळी कशीबशी खाल्ली. बाकीचा डबा तसाच राहिला. म्हणजे तीस मिनिटांत पूर्ण जेवायचे होते, तिथे एक तासाने अर्धी पोळी. आपणच पेशंटच्या नातेवाइकांना खडसावतो ना, ‘इन्सुलिन दिले आहे, आधी खाऊ घाला’ म्हणून? तेच मी स्वतःचे पाळू शकले नाही, कारण मला खडसावणारे तिथे कुणी नव्हते.

पहाटे तीन चाळीसला मी ट्रॉलीवर अँटिबायोटिक भरत होते. वायलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचे होते. पंखा डोक्यावर असून माझ्या पाठीवर घाम येत होता, पण जुलै आहे, उकडते आहे, असे मला वाटले. हात थोडे थरथरत होते. दमल्यामुळे असेल असे वाटले. अक्षरे दिसत होती, पण वाचली जात नव्हती, हे मात्र आता आठवून सांगते आहे, त्या वेळी ते कळलेही नव्हते. जोडीदार सिस्टर समोरून आली आणि म्हणाली, “ताई, हातात काय आहे तुमच्या?”

पोटॅशियम क्लोराईडची अँप्यूल होती. १० मिलिलिटरची, प्लास्टिकची, अगदी डिस्टिल्ड वॉटरसारखी. मी तिचे टोक मोडलेले होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की हे औषध भरपूर सलाईनमध्ये मिसळून थेंबाथेंबाने देतात, सरळ शिरेत ढकलले तर हृदय थांबू शकते. ते दिले गेले नाही. वायलमध्येही गेले नाही. कोणत्याही पेशंटच्या नातेवाइकाने घाबरू नये. पण ते थांबले माझ्या सावधपणामुळे नव्हे, तर जोडीदार त्या क्षणी दुसऱ्या टोकाला नव्हती म्हणून थांबले.

तिने मला खुर्चीत बसवून बोटाला टोचले. मीटरवर ४८. सत्तरच्या खाली गेले की आपण उपचार सुरू करतो, चोपन्नच्या खाली म्हणजे गंभीर. तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा तीन चमचे. आणखी पंधरा मिनिटांनी ९२. मग बिस्किटे आणि डब्यातली उरलेली पोळी. साधारण चाळीस मिनिटे लागली. त्या चाळीस मिनिटांत एक सिस्टर माझ्यापाशी अडकली होती आणि सेहेचाळीस पेशंटांपाशी कुणीच नव्हते. दोन मावशी आणि एक मामा होते, पण सलाईन संपल्यावर ते आम्हालाच हाक मारणार.

सकाळी आठला मी हे सगळे तुम्हाला तोंडी सांगितले. तुम्ही पाठीवर हात ठेवून म्हणालात, “खाऊन घेत जा गं वेळेवर.” मला त्या वेळी बरेही वाटले. नंतर घरी जाताना, ट्रान्सहार्बरच्या गाडीत ऐरोलीपर्यंत उभी असताना, मनात आले की वेळेवर खाणे माझ्या हातात असते तर हे झालेच कशाला असते?

माझ्या तक्रारी तीन आहेत. त्यातल्या दोन थोडक्यात सांगते.

पहिली, अर्जाला लेखी उत्तर नाही. नकार असेल तर तो कागदावर हवा, म्हणजे मला अधिसेविकांकडे जाता येईल. दुसरी, ९ जुलैच्या प्रकाराची कुठेही नोंद झाली नाही. औषध दिले गेले नाही म्हणजे काही घडलेच नाही, असे धरून आपण पुढे गेलो. पोटॅशियमच्या अँप्यूल आजही डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारच्याच कप्प्यात आहेत. परवाच पाहिल्या.

तिसरी तक्रार मात्र नीट सांगायला हवी, कारण तीच मुळाशी आहे. अर्जावर तुम्ही तोंडी जे बोललात ते असे: “शुगर कुणाला नाही? आपल्या स्टाफमध्येच चौघींना आहे. सगळ्या नाइट करतात.”

खरे आहे, करतात. त्यातल्या तिघी गोळ्यांवर आहेत आणि चौथी दहा वर्षांपासून ठरलेल्या डोसवर आहे. मी तीन महिने मागते आहे ते डायबेटिस आहे म्हणून नव्हे. माझा डोस अजून ठरायचा आहे आणि नाइट असताना तो ठरूच शकत नाही, म्हणून मागते आहे. हा फरक मी अर्जात दोन ओळींत उरकला, ती माझी चूक. आता सविस्तर सांगते.

डोस कसा ठरतो? उपाशीपोटीची शुगर आणि जेवणाआधीची शुगर तीन-चार दिवस वहीत लिहायची. सकाळची उपाशीपोटी सलग जास्त आली तर रात्रीचा डोस दोन युनिटने वाढवायचा. पुन्हा तीन-चार दिवस पाहायचे. कुठे सत्तरच्या खाली गेली तर वाढवणे सोडाच, उलट कमी करायचा. अशा पायऱ्या चढत डोस बसतो. यात एकच अट आहे, की त्या तीन-चार दिवसांत खाणे, झोपणे आणि टोचणे एकाच घड्याळावर चालले पाहिजे.

माझी वही डॉक्टरांनी उघडली तेव्हा काय होते ते सांगते. मॉर्निंग ड्युटीच्या आठवड्यात सकाळचे आकडे १४८, १५२, १३९. सरळ आहे, दोन युनिट वाढवायचे. पुढच्या पानावर नाइटचा आठवडा. एके दिवशी पहाटे चारला ६३. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला २११, कारण आदल्या रात्रीच्या भीतीने मी पाचला गोड चहा आणि चार बिस्किटे खाल्ली होती. एके दिवशी संध्याकाळी सातला २८४, कारण सकाळचा डोस मी घेतलाच नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही पाने पुढेमागे केली आणि विचारले, “सिस्टर, हे वाचून मी डोस वाढवू की कमी करू?”

मला उत्तर देता आले नाही. तुम्हाला येईल का?

सकाळचा डोस का घेतला नाही, त्याचेही ऐका. नाइट संपवून सव्वानऊला घरी पोहोचते. नाश्त्याआधी १६ युनिट टोचून खाल्ले आणि झोपले, तर लवकर काम करणाऱ्या भागाचा जोर साडेअकरा ते दीडच्या मध्ये येतो, त्यापाठोपाठ संथ भाग, आणि तेव्हा मी गाढ झोपेत. दुपारचे जेवण चुकले तर झोपेतच शुगर खाली जाणार, आणि घरी त्या वेळी कुणी नसते. म्हणून पहिल्या दोन दिवशी साडेबाराचा गजर लावून उठले, जेवले, परत झोपायचा प्रयत्न केला. नाही लागली झोप. तीन तासांच्या झोपेवर रात्री परत ड्युटीला आले. तिसऱ्या दिवशी ठरवले की सकाळचा डोस नकोच. चौथी रात्र ९ जुलैची. संध्याकाळपर्यंत शुगर अडीचशेच्या वर आणि पहाटे ४८, हे एकाच दिवसात झाले. पेशंटने असे केले असते तर आपण त्याला काय काय ऐकवले असते!

मैत्रिणी म्हणाल्या, मग दुसरे इन्सुलिन घे, चोवीस तास एकसारखे चालणारे, त्याला जोरच येत नाही म्हणे. डॉक्टरांच्या मनात तेही आहे. पण त्याचा डोससुद्धा उपाशीपोटीच्या शुगरवरच बसवतात. रात्रभर चालून, दोनला काही खाऊन, पाचला चहा घेऊन सकाळी आठला जी शुगर मोजते, तिला उपाशीपोटीची कशी म्हणू? इन्सुलिन बदलले तरी रात्र बदलत नाही.

आता तीन महिनेच का, दोन का नाहीत, सहा का नाहीत. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांच्यावर साचलेली साखर एचबीए१सी मोजते, म्हणून तिला सगळे ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. महिनाभरात तपासली तर त्या आकड्यात मे-जूनचा बिघाड अजून मिसळलेला असणार. डोस बसायला चार ते सहा आठवडे, आणि तो बसला की नाही हे खरे कळायला पुढचे सहा-सात आठवडे. मी आकडा हवेतून काढलेला नाही.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच जास्त धोक्याचे. शुगर वारंवार खाली गेली की शरीर इशारे देणे कमी करते. घाम, थरथर, धडधड हे सगळे उशिरा येते किंवा येतच नाही, आणि माणूस सरळ गोंधळतो. ९ तारखेला मला घाम आला, पण तो मला ओळखता आला नाही. मग १० आणि ११ तारखेच्या उरलेल्या रात्री मी दर दोन तासांनी मीटर लावला. ११ च्या पहाटे ६६ होती. तेव्हा घामही नव्हता, थरथरही नव्हती, काहीच जाणवत नव्हते. काही आठवडे शुगर अजिबात खाली जाऊ दिली नाही तर हे इशारे बऱ्याच अंशी परत येतात. पण ते आठवडे सलग मिळायला हवेत. मध्ये एक नाइटचा आठवडा आला की परत पहिल्यापासून.

तुम्ही असेही सुचवलेत की इतका त्रास आहे तर मेडिकल लीव्ह टाक. सिस्टर, मला रजा नको आहे. मी दिवसा धडधाकट आहे, ड्युटी करू शकते. आणि रजेचे गणित वॉर्डाला परवडणारे नाही. बसा, आपण ते मांडूनच पाहू.

लिस्टवर आपण दहा जणी आहोत. मॉर्निंगला तीन, इव्हिनिंगला दोन, नाइटला दोन, म्हणजे दिवसाला सात आणि तीस दिवसांच्या महिन्याला २१० ड्युट्या. प्रत्येकीला २१, त्यात सहा नाइट. मी तीन महिने रजेवर गेले तर वॉर्डाच्या ६३ ड्युट्या जातील. मला फक्त नाइटमधून काढले तर १८ नाइट सरकतील, आणि माझी एकही ड्युटी जाणार नाही.

त्या १८ नाइट नऊ जणींत वाटल्या तर तीन महिन्यांत प्रत्येकीला दोन जास्त येतात. हा भार आहे, तो मी लपवत नाही. जिचे बाळ दीड वर्षाचे आहे तिला त्या दोन रात्री जड जाणार आहेत. म्हणून मी त्याची परतफेडही मांडते. आपली नाइट बारा तासांची, मॉर्निंग-इव्हिनिंग सहा तासांची. आता मी महिन्याला दिवसाच्या १५ ड्युट्या आणि सहा नाइट करते, म्हणजे १६२ तास. त्याऐवजी मी महिन्याला २६ मॉर्निंग-इव्हिनिंग करीन, म्हणजे १५६ तास. अकरा ड्युट्या जास्त. तीन महिन्यांत तेहेतीस. म्हणजे नऊ जणींना दोन नाइट जास्त पडतील, पण दिवसाच्या तीन-चार ड्युट्या कमी होतील. माझे महिन्याला सहा तास कमी भरतात. ते इंडेंट, स्टॉक रजिस्टर आणि एक्स्पायरी तपासण्याच्या कामात देते, जे काम कुणालाच आवडत नाही.

रविवारच्या इव्हिनिंग सगळ्या मला लावा. गणपतीत, दसऱ्याला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी इव्हिनिंगला मी येईन. साडेआठला हँडओव्हर देऊन सुटले तरी साडेनऊला घरी पोहोचून टोचता येते आणि दहाला जेवता येते. उशीर आहे, पण रोज तोच उशीर आहे, आणि डोस त्यावर बसवता येतो. डॉक्टरांनी ते मान्य केले आहे.

एक गोष्ट मान्य करते, दहा जणींत हे गणित ताणूनच बसते. मंजूर पदे चौदा आहेत, चार रिकामी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात रजा आणि आजारपणासाठी ३० टक्के जास्तीचे मनुष्यबळ धरायला सांगितले आहे. आपल्याकडे ते जास्तीचे तर नाहीच, मूळचेच पुरे नाही. ही पदे भरणे तुमच्या हातात नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा राग मी तुमच्यावर काढत नाही. पण ड्युटी लिस्ट तुम्ही लिहिता, अधिसेविका तिच्यावर सही करतात. एका नावापुढचा ‘एन’ बदलायला वरून मंजुरी यावी लागत नाही. आजवर अशा सवलती दिल्या गेल्या आहेत. कुणाला दिल्या ते लिहिणार नाही, त्यांना गरज होती म्हणून मिळाल्या असे मी धरते. फक्त त्या तोंडी मिळाल्या, आणि कुणाला कशाच्या जोरावर मिळाल्या हे बाकीच्यांना कळले नाही. मला तशी नको आहे.

माझ्या मागण्या अशा.

१२ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत मला नाइट लावू नये, आणि हा निर्णय कारणासह लेखी द्यावा. नकार असला तरी लेखीच द्यावा. १० तारखेपर्यंत मिळाला तर जिची नाइट बदलेल तिला घरची व्यवस्था करायला दोन दिवस तरी राहतील.

तीन महिन्यांनंतर मी एचबीए१सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची नवी चिठ्ठी तुमच्याकडे देईन. डोस बसला असेल आणि त्यांनी परवानगी दिली असेल तर मी परत नाइटला येईन. पहिल्यांदा सलग सहा नकोत, दोन-दोन लावा. त्या दोन रात्रींची वही मी तुम्हाला दाखवीन आणि मग पुढच्या वाढवू. डोस बसला नाही तर काय, असे तुम्ही विचाराल. तर मग मुदतवाढ आपसूक मिळाली असे मी समजणार नाही. तेव्हा वैद्यकीय मंडळासमोर जाईन आणि ते ठरवतील ते मानीन.

९ जुलैच्या प्रकाराची नोंद घटना रजिस्टरमध्ये व्हावी, माझ्या नावासह. मला शिक्षा झाली तरी चालेल. आणि पोटॅशियम क्लोराईड ट्रॉलीवरून काढून कुलपाच्या कपाटात, वेगळ्या लाल लेबलच्या डब्यात ठेवावे. ही मागणी माझ्या नाइटशी बांधलेली नाही. माझी पहिली मागणी फेटाळली तरी ही आजच पूर्ण करा, त्याला एक डबा आणि एक लेबल लागते.

निर्णय होईपर्यंतच्या काळासाठी शेवटचे. १२ तारखेला लिस्ट बदललेली नसेल तर मी गैरहजर राहणार नाही. आठला हँडओव्हर घेईन. पण त्या सहा रात्री माझे जेवण सव्वानऊ ते पावणेदहा या वेळात होऊ द्यावे, आणि त्या अर्ध्या तासासाठी शेजारच्या वॉर्डातून एक सिस्टर द्यावी. पहाटे तीन ते पाच मी इंजेक्शने एकटी भरणार नाही, जोडीदाराने लेबल वाचल्याशिवाय काही देणार नाही. त्याने कामाला वेळ लागेल, चारची इंजेक्शने साडेचारला होतील. तशी नोंद मी चार्टवर करीन.

माझा मीटर स्टाफरूमच्या कपाटात वरच्या खणात असतो, बाजूला साखरेची बरणी आणि ग्लुकोजचा पुडा. माझ्यासोबत जी कुणी नाइटला असेल तिने मी उलटसुलट बोलू लागले किंवा एकाच लेबलकडे बघत उभी राहिले तर मला विचारत बसू नये, आधी बोटाला टोचावे. मी ‘ठीक आहे’ म्हणेन. ९ तारखेलाही मी तेच म्हणाले होते.

आपली,
मेल मेडिसिन वॉर्डातली एक अधिपरिचारिका
ठाणे

प्रत : मा. अधिसेविका, आणि माझ्या नऊ सहकारी